शेकडा तीनचं कर्ज मला ६१ टक्क्यांना पडलं, माझा हिशोब वाचून घ्या

माझं दुकान आहे, खरेदी-विक्रीचे आकडे रोज तोंडी करतो, त्यामुळे व्याजात मला कोणी गंडवेल असं कधी वाटलंच नव्हतं. म्हणूनच हे लिहितोय.

सीझनच्या आधी माल भरायला एक लाख हवे होते. बँकेत विचारलं तर कागदपत्रांची यादी मोठी, आणि दर सांगितला तो दोन आकडी. मग एका ओळखीच्याने सावकाराकडे नेलं. तो म्हणाला, "शेठ, आपल्याकडे शेकडा तीन. तुम्ही वर्षात आरामात फेडा." खरं सांगतो, माझ्या डोक्यात पहिला विचार आला की बँकेपेक्षा स्वस्त! बँकेचा दर वर्षाचा आणि याचा महिन्याचा, हे मला कळत नव्हतं असं नाही, पण कानावर 'तीन' पडलं आणि डोक्यात 'तीन'च बसलं. घरी येऊन बाराने गुणलं तेव्हा ३६ आले. जरा टोचलं, पण म्हटलं ठीक आहे, लाखाला ३६ हजार, सीझन चांगला गेला तर निघतील.

इथे माझी खरी चूक झाली, कारण ३६ हा आकडा पण खोटाच होता.

त्याने हिशोब असा केला. एक लाख मुद्दल, महिन्याला तीन हजार व्याज म्हणजे वर्षाचं ३६ हजार, एकूण १,३६,००० आणि त्याला बाराने भागलं की हप्ता ११,३३३. हातात मात्र ९७ हजारच आले, तीन हजार 'लिखापढीचे' म्हणून आधीच कापले. वर एक सही केलेला कोरा चेक घेतला. कागदावर हप्ता किती आणि किती महिने एवढंच लिहिलेलं, दर कुठेच नव्हता, आणि मी तो कागद दोनदा वाचून सही केली बरं का.

सहा हप्ते वेळेवर भरले, म्हणजे ६८ हजार गेले. मग एका गिऱ्हाईकाची जुनी उधारी एकदम आली आणि मी म्हटलं चला, कर्ज मिटवून टाकू, अर्धं वर्ष झालं म्हणजे अर्धं मुद्दल राहिलं असेल, पन्नास हजार देऊ आणि सुटू. सावकार वहीत बघून म्हणाला, "सहा हप्ते राहिलेत, ६८ हजार." मी म्हटलं अहो पुढच्या सहा महिन्यांचं व्याज कशाला, पैसे तर मी आजच देतोय ना? तर म्हणे व्याज वर्षाचं ठरलंय.

त्या रात्री पुतणीला वही दाखवली, ती अकाउंट्सचं काम करते. तिने फक्त एकच प्रश्न विचारला, "काका, सातव्या महिन्यात त्याचे किती पैसे तुमच्याकडे होते?"

मी गप्पच झालो. कारण त्याच्याच हिशोबाने प्रत्येक हप्त्यात ८,३३३ मुद्दल जातं आणि तीन हजार व्याज, म्हणजे सहा हप्त्यांनंतर माझ्याकडे त्याचे पन्नास हजारच उरलेले, पण व्याज चालू होतं पूर्ण एक लाखावर. पन्नास हजारावर महिन्याला तीन हजार म्हणजे शेकडा तीन नाही, शेकडा सहा झाले. आणि पुढे अजून वाईट, शेवटच्या बाराव्या महिन्यात माझ्याकडे उरणार ८,३३३ आणि त्यावर व्याज तेच तीन हजार. एका महिन्याला ३६ टक्के! वर्षाचे ३६ मला आधी टोचले होते, ते इथे एकाच महिन्यात निघाले. मूळ रकमेवर शेवटपर्यंत तेवढंच व्याज लावायचं, मुद्दल कितीही फिटलं असलं तरी, याला फ्लॅट रेट म्हणतात. घटत्या बाकीवर व्याज लावणं वेगळं.

मग सगळा मिळून दर किती पडला? तिने स्प्रेडशीटमध्ये एक ओळ टाकली, तुम्हीही टाकून बघा. आधी हप्त्यांची संख्या, मग हप्ता (आपल्याकडून जातो म्हणून उणे), मग घेतलेली रक्कम.

```
=RATE(12,-11333,100000)
```

उत्तर येतं महिन्याला साधारण ५.०८ टक्के. बाराने गुणलं तर वर्षाला ६१, आणि व्याजावर व्याज धरलं तर ८१ च्या आसपास. वर एक लाखाच्या जागी हातात खरंच आलेले ९७,००० टाकले तर महिन्याला ५.६ च्या पुढे जातं. म्हणजे ते लिखापढीचे तीन हजार मी 'किरकोळ' म्हणून सोडून दिले होते, त्यांनी एकट्याने वर्षाचा दर सहा-सात टक्क्यांनी वाढवला.

खरोखर शेकडा तीन, घटत्या बाकीवर असतं तर हप्ता १०,०४६ च्या आसपास बसला असता आणि वर्षाचं व्याज साडेवीस हजार. मी ठरवले ३६ हजार. आणि मी भरलेले सहा हप्ते खऱ्या तीन टक्क्यांनी वजा केले तर बाकी उरत होती साधारण ४६,१००, मागत होता ६८ हजार.

माझ्या धंद्याशी लावून बघितलं तेव्हा तर झोपच उडाली. शंभराच्या मालावर मला पंधरा सुटतात, माल वर्षात दोनदा फिरतो, म्हणजे त्या पैशावर वर्षाचे तीस, तेही भाडं-लाईटबिल काढायच्या आधी. तीस कमवायला मी ६१ चं कर्ज घेतलं होतं. दुकानात वर्षभर मी उभा, कमाई त्याची.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन त्याच्याकडे गेलो. आवाज न चढवता त्याने माझी सही दाखवली. "हप्ता तुम्ही मान्य केलाय ना शेठ?" केला होता, काय बोलणार. बरीच घासाघीस केल्यावर तो म्हणाला, जास्तीत जास्त ६६ घेतो.

मी ते दिले नाहीत, आणि याचं कारण नीट सांगतो कारण इथे लोक घाईत पुन्हा फसतात. कर्ज डोक्यावरून उतरवायच्या नादात ६८ हजार एकदम टाकणं म्हणजे सहा महिन्यांनी द्यायचे पैसे आजच देणं, त्यात आपल्याला एक पैसाही सुटत नाही. ६६ दिले असते तर दोन हजार वाचले असते, पण तेवढे पैसे सहा महिने हातात ठेवून मी उधारीऐवजी रोखीने माल घेतला, पुरवठादाराने रोखीची सूट दिली, आणि त्यातून दोन हजारांपेक्षा जास्त सुटले. मात्र एकही हप्ता चुकवला नाही, चुकवला असता तर तो कोरा चेक होताच त्याच्याकडे.

मध्ये शेजारचा दुकानदार त्याच माणसाकडे निघाला होता. मी त्याला एवढंच सांगितलं की दर विचारूच नको, विचार की सहा हप्ते भरून कर्ज बंद करायचं म्हटलं तर किती द्यावे लागतील, आणि तो आकडा सही करायच्या आधी कागदावर लिहून घे. तो विचारून आला. सावकार म्हणाला, "आत्ताच घेताय आणि आत्ताच बंद करायच्या गोष्टी कशाला?" आकडा काही लिहून दिला नाही, आणि याने पैसे घेतले नाहीत.

माझा बारावा हप्ता भरला त्या दिवशी मूळ कागद आणि चेक परत मागितला. चेक सापडत नाही म्हणाला. मी तिथेच बाकावर बसून राहिलो, पाऊण तासाने सापडला.