कॉलेजसमोर झेरॉक्स टाकायचंय: मोठं सेकंडहँड मशीन, छोटा लेझर की इंक टँक?

मावसभावाला ज्युनिअर कॉलेजच्या गेटसमोर ८ बाय १० चा गाळा मिळालाय आणि तो रोज फोन करून एकच विचारतोय की दादा मशीन कुठलं घेऊ. मी २०१९ पासून तालुक्याच्या गावात हेच करतोय, तर त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. भाव माझ्याकडचे आहेत, तुमच्याकडे थोडं मागेपुढे होईल.

त्याच्यापुढे तीन पर्याय होते. एक म्हणजे रिफर्बिश केलेलं मोठं ए३ मशीन, साधारण ५५ हजार. दुसरा नवीन छोटा लेझर, कॅननच्या एमएफ ३०१० सारखा, १८-२० हजारांच्या आसपास. तिसरा इंक टँक कलर प्रिंटर, १३-१५ हजार. सगळे पहिल्यांदा एका पानाला किती खर्च येतो ते विचारतात, आणि त्यात फारसा फरक नाहीच. कागदाचं रीम २६० ला पडलं तर ५०० पानं, म्हणजे एका पानाला ५२ पैसे, हे तिन्ही मशीनला सारखेच. त्यावर मोठ्या मशीनला टोनर, चित्र उमटवणारा ड्रम, तो पुसणारं ब्लेड सगळं धरून मी २५ पैसे पकडतो, छोट्या लेझरला रिफिल करून वापरलं तर ३५ च्या आसपास. म्हणजे ७७ पैसे की ८७ पैसे, एवढाच प्रश्न. २ रुपयाच्या झेरॉक्समध्ये १० पैशांनी दुकान चालत पण नाही आणि बुडत पण नाही.

खरा फरक मधल्या सुट्टीत कळतो. आमच्याकडे दिवसभराचा निम्म्याहून जास्त धंदा त्या २० मिनिटांत आणि कॉलेज सुटल्यावरच्या अर्ध्या तासात होतो, बाकी वेळ तुरळक. आता समजा एक मुलगी १०० पानांची बायोलॉजीची नोट्स घेऊन आली. छोट्या लेझरला वरून कागद ओढणारा फीडर नाही, प्रत्येक पान काचेवर ठेवा, झाकण लावा, बटण दाबा, पान उलटा, एका पानाला ८-१० सेकंद धरले तरी पंधरा मिनिटं तिच्या एकटीची. मागे उभे असलेले दहा जण तोवर शेजारच्या दुकानात गेलेले असतात आणि परत येत नाहीत. मोठ्या मशीनला गठ्ठा फीडरमध्ये टाकला की ३ मिनिटांत काम होतं, ते पण पाठपोट, आणि तेवढ्यात तुम्ही दुसऱ्याचं प्रिंट काढताय.

पाठपोटचा हिशोब नीट बघा कारण कमाई तिथेच आहे. एका बाजूचे २ रुपये घेतले तर खर्च ७७ पैसे, उरले १ रुपया २३ पैसे. पाठपोटचे ३ घेतले तर कागद ५२ आणि छपाई दोनदा ५०, म्हणजे १ रुपया २ पैसे, उरले १ रुपया ९८ पैसे. गिऱ्हाईकाला स्वस्त वाटतं आणि तुमचा कागद निम्मा लागतो. पण होलसेल नोट्सला एका बाजूला १ रुपया असा दर लावला तर हातात फक्त २३ पैसे राहतात, ४ पानांमागे एक खराब निघालं तरी नफा गेलाच समजा, म्हणून बाजूमागे १ रुपया हा दर मी पाठपोटलाच देतो, म्हणजे एका कागदाचे २ रुपये, एकाच बाजूच्या झेरॉक्सला नाही.

छोट्या लेझरची अजून एक अडचण कुणी आधी सांगत नाही. त्याची काच ए४ ची असते. लीगल कागद आत घालून प्रिंट निघतं, पण लीगल साईझचं ओरिजिनल काचेवर पूर्ण मावत नाही. जून-जुलैमध्ये अॅडमिशनला प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प पेपर, जुने दाखले घेऊन रांग लागते, तेव्हा "हे होत नाही" म्हणावं लागतं. तुमचं दुकान फक्त प्राथमिक शाळेजवळ असेल, दिवसाला १००-१५० च पानं असतील, तर मात्र छोटा लेझर पुरतो, उगाच ५५ हजार अडकवू नका.

रिफर्बिश घेताना डीलर काउंटर दाखवतो, अमुक लाखच चाललंय म्हणतो, तो आकडा रीसेट करता येतो म्हणून त्याच्यावर विसंबू नका. मी स्वतः पहिलं मशीन काउंटर बघूनच घेतलं आणि दोन महिन्यांत ड्रम बदलावा लागला. आता मी काय करतो, घरून ५० पानांचा गठ्ठा नेतो आणि तिथेच फीडरमधून पाठपोट काढायला लावतो. ताज्या कॉपीवर अंगठा घासायचा, काळं हाताला लागलं तर फ्युजर, म्हणजे टोनर तापवून कागदावर बसवणारा भाग, नीट तापत नाही. उभी काळी रेघ आली तर तेच पान काचेवर ठेवून काढा, तिथे रेघ नसेल तर फीडरखालच्या बारीक काचेच्या पट्टीवर व्हाईटनरचा ठिपका वगैरे बसलेला असतो, पुसला की झालं. काचेवरून पण रेघ येत असेल तर ड्रम किंवा ब्लेड, तिथे किंमत पाडून घ्या नाहीतर सोडा. ठरावीक अंतरावर सारखाच डाग येत असला तरी बहुतेक ड्रमच.

लाईटचं पण आधी बघा. मोठ्या मशीनला तापताना दीड हजार वॅटपर्यंत लागतात, मोठा पॉइंट आणि अर्थिंग हवंच, घरच्या इन्व्हर्टरवर ते चालत नाही, छोटा लेझर पण इन्व्हर्टरला ट्रिप करतो. इथे इंक टँक कामाला येतो, तो चालताना १५ वॅटच्या आसपासच घेतो, लाईट गेली तरी रिझल्टची प्रिंट, हॉलतिकीट निघतं. शिवाय प्रोजेक्टची कलर चित्रं, १० रुपये पान. पण याच्यावर नोट्सचं काम घेऊ नका, बऱ्याच मॉडेलची शाई पाण्याने पसरते, मुलं हायलायटर फिरवतात आणि मग भांडायला येतात. मे महिन्यात कॉलेज बंद असताना नोझल वाळतात, म्हणून चार दिवसांनी एक कलर पान काढायचंच.

म्हणून त्याला मी मोठं रिफर्बिश आणि सोबत इंक टँक असं सांगितलं, ७० हजारात बसतं. दिवसाला ४०० पानं गेली आणि सरासरी १ रुपया सुटला तर ४०० रुपये, महिन्याचे २५ दिवस धरून १० हजार, त्यातून भाडं, लाईट. मात्र हे बाराही महिने धरू नका. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या पेपरला केंद्राजवळची झेरॉक्स दुकानं बंद ठेवायचा आदेश निघतो, गेटसमोरचं दुकान म्हणजे ते दिवस गेलेच.

कागद ७० चा की ७५ जीएसएमचा? पाठपोटला ७५ च, नाहीतर मागचं पुढे दिसतं आणि पावसाळ्यात पातळ कागद वळून फीडरमध्ये अडकतो. रीमवर ७५ छापलेलं असतं पण वजन करून बघा, ए४ चं रीम २ किलो ३४० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे, २ किलो १८० भरलं तर ते ७० आहे. रीम गरजेपुरतंच फोडा, उरलेलं वेष्टनातच ठेवा.

लॅमिनेशनचं मशीन ए३ चंच घ्या, कारण चार्ट आणि मोठे कागद येतात. १२५ मायक्रॉनचा पाऊच सगळ्याला चालतो. धुरकट निघालं तर मशीन तापलेलं नाही, फुगे किंवा सुरकुत्या आल्या तर जास्त तापलंय. इंक टँकचं ताजं प्रिंट लगेच आत घालू नका, वाळू द्या. आणि कुणी थर्मल कागदाची पावती आणली तर सरळ नाही म्हणा, ती आत काळी पडते. ओरिजिनल मार्कशीट किंवा दाखला लॅमिनेट करायला आणला तरी मी आधी विचारतो, कारण त्याच्यावर नंतर शिक्का-सही करता येत नाही आणि प्लास्टिक काढायला गेलं की कागद फाटतो. त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून देतो, ओरिजिनल फाईलमध्ये घालून परत.