पायावरच्या फोडांसाठी बोटांचे मोजे, पेपर टेप आणि हायड्रोकोलॉइड पट्टी: सराव ते आषाढी वारी, काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर अंतर पायी आणि तेही ऐन पावसाळ्यात चालायचे असल्यामुळे मी हिवाळ्यापासूनच सरावाला सुरुवात केली होती. सरावात आणि नंतर वारीत मी तीन गोष्टी सातत्याने वापरल्या: प्रत्येक बोटाला स्वतंत्र कप्पा असलेले मोजे, औषधांच्या दुकानात मिळणारी साधी पेपर टेप आणि फोडांसाठीची, जखमेतला द्रव शोषून घेणारी हायड्रोकोलॉइड पट्टी. सर्वांत स्वस्त असलेली पेपर टेप सर्वांत उपयोगी ठरली. मोजे तिच्या खालोखाल आले. सर्वांत महाग असलेली पट्टी चांगली असली, तरी पावसात तिचा फारसा भरवसा धरता येत नाही.

फोड कातडी वरून घासल्यामुळे येतो असा सर्वसाधारण समज आहे, पण तो अपुरा आहे. प्रत्येक पावलाला आतले हाड थोडे पुढे-मागे सरकते. घामाने ओलसर झालेली कातडी मात्र मोज्याला आणि मोजा बुटाला धरून राहतो. ही ओढाताण मधल्या थरांना सोसावी लागते, आणि हजारो पावलांनंतर वरच्या थराखाली बारीक फट पडून तिच्यात पाण्यासारखा द्रव साचतो. म्हणूनच वरून काहीही सोललेले दिसत नसताना आत फोड तयार झालेला असतो. त्याआधी त्या जागी गरम चटका बसल्यासारखे वाटते, आणि उपाय करण्याची खरी वेळ तीच असते. पुढच्या विसाव्यापर्यंत थांबू असे म्हटले, तर बहुतेक वेळा उशीर होतो.

मोज्यांची निवड या ओलाव्याचा विचार करूनच करावी लागते. सुती मोजा घाम शोषून घेतो, पण तो सोडत नाही, आणि ओला झाला की सुरकुततो. पॉलिस्टर-नायलॉनचे किंवा मेरिनो लोकरीचे मोजे लवकर वाळतात. बोटांच्या मोज्यांमुळे करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट एकमेकांना घासणे जवळजवळ थांबले, मात्र टाचेला त्यांचा वेगळा असा फायदा जाणवला नाही. ते घालायला वेळ लागतो, आणि बूट आधीच चवड्याशी घट्ट असेल तर बोटांमधल्या जादा कापडामुळे तो आणखी आवळतो. दिवसभर चालल्यावर पाय सुजतात, त्यामुळे बुटाचे माप संध्याकाळी, हेच मोजे घालून घ्यावे आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा ठेवावी. मोज्याची टाच पायाच्या टाचेवरच बसली पाहिजे. मोठा मोजा घडी पडून स्वतःच त्रास देतो. मी दुपारच्या विसाव्याला पाय पुसून, वाऱ्यावर वाळवून मोजे बदलत असे आणि काढलेली जोडी पाठपिशवीवर वाळत घालत असे. दिंडीत यावर थोडी चेष्टा झाली, पण हरकत नव्हती.

टेपबाबत एका अभ्यासाची माहिती उपयोगी आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सुमारे २५० किलोमीटरच्या, टप्प्याटप्प्याने धावायच्या शर्यतींतील धावपटूंवर पेपर टेपची चाचणी घेतली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार टेप लावलेल्या जागी फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. ती टेप शर्यत सुरू होण्याआधीच लावलेली होती, ही त्यातली महत्त्वाची बाब आहे. मी सरावातच स्वतःच्या त्रासाच्या जागा, म्हणजे टाचेची मागची कड आणि चवड्याचा आतला भाग, ओळखून ठेवल्या आणि पहाटे निघण्यापूर्वी तिथे टेप लावू लागलो. कातडी पूर्ण कोरडी आणि तेलविरहित असावी लागते. आदल्या रात्री खोबरेल तेलाने पाय चोळले असतील, तर सकाळी साबणाने धुतल्याशिवाय टेप टिकत नाही. एकच थर, सुरकुती न पडू देता आणि न ताणता लावावा, कोपरे कात्रीने गोल करावेत आणि तळहाताने थोडा वेळ दाबून धरावे. बोटाभोवती पूर्ण वेढा घट्ट देऊ नये, कारण सूज आल्यावर तो काचतो. पेपर टेप फार चिकट नसते, त्यामुळे चिंब पावसात ती निघते आणि पुन्हा लावावी लागते. झिंक ऑक्साईडची टेप जास्त टिकते, पण ती फोडावर लावली तर काढताना वरची कातडीच सोलून आणते. म्हणून ती फक्त निरोगी कातडीवर लावावी.

पुण्याहून सासवडचा, दिवे घाट चढण्याचा टप्पा तीस किलोमीटरहून मोठा आहे. त्या संध्याकाळी आमच्या दिंडीतील एका काकांच्या उजव्या चवड्यावर रुपयाच्या नाण्याएवढा, टरारून फुगलेला फोड दिसला. लहान आणि न दुखणारा फोड तसाच झाकून ठेवावा, पण हा पाऊल टेकवताच दुखत होता आणि आपोआप फुटण्याच्या बेतात होता. हात आणि पाय साबणाने धुऊन, जागा अँटिसेप्टिकने पुसून, सीलबंद पाकिटातील इंजेक्शनच्या सुईने फोडाच्या कडेला, खालच्या बाजूस दोन छिद्रे पाडली आणि निर्जंतुक गॉझने हलकेच दाबून द्रव काढला. वरची कातडी कापली नाही, कारण तिच्याइतके चांगले आवरण कोणत्याही दुकानात मिळत नाही. त्यावर न चिकटणारे पॅराफिन गॉझ, मग कोरडे गॉझ आणि शेवटी पेपर टेप, असे झाकले. पहिल्या दिवसात द्रव पुन्हा भरतो, त्यामुळे रात्री आणि सकाळी तीच क्रिया पुन्हा केली. सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असल्याने मधला दिवस विश्रांतीला मिळाला. जेजुरीकडे निघताना जाड फेल्टला फोडापेक्षा थोडे मोठे भोक पाडून ते भोवती लावले, म्हणजे भार कडेवर पडला. पुढच्या दोन-तीन मुक्कामांत वरची कातडी खाली चिकटली. बोटाने दाबल्यावर ती आता सरकत नव्हती, यावरून ते कळले.

हायड्रोकोलॉइड पट्टीची खरी जागा म्हणजे वरची कातडी निघून गेलेली लालसर, ओली जखम. ती हातात धरून गरम करावी आणि जखमेच्या कडेपासून किमान एक-दीड सेंटिमीटर बाहेर येईल एवढी घ्यावी. खाली पांढरट फुगवटा दिसतो, तो पू नसून शोषलेला द्रव असतो, आणि कडा सुटेपर्यंत ती काही दिवस तशीच ठेवायची असते. कोरड्या सरावात ती उत्तम टिकली, पण भिजलेल्या मोज्यात तिच्या कडा गुंडाळल्या जाऊन एका दुपारीच ती मोज्याला चिकटली.

वारीत फोडातून सुईने दोरा ओवून तो आत ठेवण्याची जुनी पद्धत अजून दिसते. द्रव वाहतो हे खरे, पण रस्त्यावरच्या चिखलातले जंतू आत जाण्याची वाटही तोच दोरा देतो, म्हणून मी ते करत नाही. रक्ताने भरलेला फोडही फोडू नये. भोवतालची लाली पसरत असेल, ठणका वाढत असेल, पू येत असेल, पायावरून वर लाल रेघ जात असेल किंवा ताप आला असेल, तर वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे त्याच दिवशी जावे. मधुमेह असणाऱ्यांनी किंवा पायाची संवेदना कमी झालेल्यांनी सुईला हात न लावता सुरुवातीपासूनच डॉक्टरांना दाखवावे. त्यांना चटका जाणवत नसल्याने प्रत्येक विसाव्याला मोजे काढून तळवे डोळ्यांनी तपासावे लागतात.