निळा अर्धा आणा: १८५४चा, नंतरचा की काल-परवा छापलेला?

मामेभावाला आजोबांच्या ट्रंकेत जुना अल्बम सापडला, एका पानावर दोन निळी अर्ध्या आण्याची तिकिटं, दोन्हींवर राणी व्हिक्टोरियाचं डोकं आणि खाली आजोबांच्या पेन्सिलनं लिहिलेलं "१८५४". एवढ्यावर हा पेटला, आणि ऑनलाइन तिसरंही मागवून बसला, "मिंट, ओरिजिनल गमसकट, पटलं नाही तर आठ दिवसांत परत" अशा बोलीवर. मग तिन्ही घेऊन माझ्याकडे आला की दादा, सांग, ठेवू की परत करू. टेबलावर ओळीनं मांडली आणि त्यांना पहिलं, दुसरं, तिसरं अशी नावं दिली.

आधी डोळ्यांनी दिसतं ते बघू. पहिल्याला दाते नाहीत, चारही कडा कात्रीनं कापलेल्या, एका बाजूला मार्जिन जवळपास नाहीच. दुसऱ्याला दाते आहेत. तिसऱ्यालाही दाते नाहीत, पण मार्जिन अगदी ऐसपैस, चारही बाजूंनी. नवशिका इथेच फसतो, कारण पाहिल्याबरोबर तिसरंच सगळ्यात छान वाटतं.

दात्यांचं माप म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात ते, आणि दुसऱ्याचं माप आलं १४. पण गंमत अशी की हा आकडा इथे फारसा कामाचा नाही. १८५४ची तिकिटं कलकत्त्यात सर्व्हेयर जनरलच्या ऑफिसात कॅप्टन थुइलियरच्या देखरेखीखाली दगडावरून छापली, त्यांना दातेच नव्हते, पोस्टमास्तर कात्रीनं कापून द्यायचा. पुढे काम लंडनच्या डे ला रू कंपनीकडे गेलं, आणि तिथून आलेला अर्धा आणा कितीतरी वर्षं १४च मापाचा राहिला. म्हणजे दात्यांवरून "१८५४चं नाही" एवढं कळतं, नेमकं कधीचं ते नाही. आणि दाते नाहीत म्हणून १८५४चं, असंही नाही, कारण डे ला रूच्या तिकिटाचे दाते कुणीही छाटू शकतो. अशा छाटलेल्या तिकिटाची मार्जिन मात्र कंजूष असतात, भोकांच्या आतली तेवढीच पट्टी उरते ना.

खरी चावी अक्षरांत आहे, आणि त्याला भिंगाचीही गरज नाही. १८५४च्या तिकिटावर वर नुसतं "इंडिया" आहे. डे ला रूच्या पहिल्या अर्ध्या आण्यांवर "ईस्ट इंडिया पोस्टेज". १८८२ पासून परत "इंडिया पोस्टेज", आणि तेव्हा अर्धा आणा हिरवा झालेला. आजोबांचं दुसरं तिकीट "ईस्ट इंडिया"वालं निघालं, म्हणजे पेन्सिल चुकली. मामेभावाचं तोंड पडलं, पण अल्बम जुना असला म्हणून पेन्सिल खरी असतेच असं थोडीच आहे!

मग दुसऱ्याचा काळ आणखी आवळता येतो का बघितलं. १८५६च्या सुमारास आलेल्या अर्ध्या आण्याच्या कागदात वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच पडलेली खूण, नाही, १८६५ पासून प्रत्येक तिकिटात हत्तीचं डोकं. ते बघायचं तर काळा ट्रे, त्यात तिकीट पालथं आणि वर लायटरमध्ये भरतात त्या पेट्रोलचे तीन-चार थेंब (खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद करा, आणि जवळ सिगरेट ओढणारा काका बसू देऊ नका). काही सेकंद सोंड आणि कान गडद उमटले, मग पेट्रोल उडून गेलं की गायब. म्हणजे १८६५ ते १८८२ मधलं. शिक्क्यात ७६ वाचता येत होतं, तेव्हा वरची हद्द १८७६ झाली, तिकीट स्वतःच्या शिक्क्यानंतरचं असू शकत नाही. पण पुराव्यातला सगळ्यात कच्चा दुवा तोच, कारण खोटा शिक्का मारणं तिकीट बनवण्यापेक्षा सोपं. हत्ती मात्र कागद बनवतानाच पडलेला असतो.

आता पहिलं आणि तिसरं, दोन्हींवर "इंडिया", दोन्हींना दाते नाहीत, खरी झुंज यांच्यात. दहापट भिंग घेतलं आणि आधी पाठ बघितली. डे ला रूच्या तिकिटात ठशाचा दाब असतो, रेघांच्या कडेला शाई साचून गडद किनार दिसते आणि पाठीवर थोडा उठाव जाणवतो, दुसऱ्यात ते स्पष्ट होतं. दगडी छपाईत, म्हणजे लिथोत, हे काही नाही, शाई सपाट बसते, पहिलं अगदी तसंच. पण तिसरंही सपाटच! इथे लोक गडबडतात, "सपाट आहे म्हणजे लिथो, म्हणजे खरं" असं म्हणतात, पण आजची ऑफसेट छपाईही सपाटच असते. म्हणून भिंग वाढवून राणीच्या गालावर नजर रोखली. पहिल्यात छटा अखंड रेघांनी काढलेली, काही जागी रेघ तुटलेली, शाई थोडी फिकी. तिसऱ्यात गालावर सारख्या अंतरावर बारीक ठिपके, निळे आणि मधेमधे किरमिजी. १८५४च्या एकरंगी तिकिटात किरमिजी ठिपका कुठून येणार, फोटो स्कॅन करून छापलेलं आहे ते.

तेवढ्यावर न थांबता अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला. पहिलं मंद, मळकट. तिसरं धोब्याकडून आलेल्या शर्टासारखं निळं-पांढरं झगमगलं, कारण आजच्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात, १८५४च्या कागदात ती नव्हतीच. उलट बाजूनं ही टेस्ट मात्र चालत नाही: चमकलं नाही म्हणून खरं ठरत नाही, जुन्या कोऱ्या कागदावर छापलेली नक्कलही चमकत नाही, आणि खरं तिकीट कुणी डिटर्जंटच्या पाण्यात धुतलं असेल तर ते उगाच चमकतं.

आणि सगळ्यात मोठी थट्टा म्हणजे तो "ओरिजिनल गम". १८५४ची तिकिटं गमशिवायच निघाली होती, लोक स्वतः खळ लावून चिकटवायचे. विकणाऱ्यानं ज्या गोष्टीचं जास्त कौतुक केलं तिनंच त्याला उघडं पाडलं.

पहिल्यात वॉटरमार्क दिसला नाही, त्यामुळे मामेभाऊ पुन्हा घाबरला. तिथे घाबरायचं कारण नाही, ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह अख्ख्या शीटभर पसरलेलं होतं, एखाद्या तिकिटाला त्याचा तुकडा मिळतो, एखाद्याला काहीच नाही. इथे नसणं म्हणजे पुरावा नव्हे. मला जास्त काळजी होती ती जुन्या नकलांची, कारण त्याही दगडावरूनच छापलेल्या असू शकतात आणि त्यांना टॉर्च, भिंग दोन्ही काही करू शकत नाहीत. तिथे एकच उपाय, खात्रीच्या तिकिटाच्या मोठ्या फोटोशेजारी ठेवून केसांच्या बटा, मुकुटाचे क्रॉस आणि HALF ANNA मधली अक्षरं एकेक जुळवणं. अर्धा तास लागला, जुळलं.

तर सल्ला काय दिला? तिसरं आठ दिवसांच्या आत परत, आणि परत करताना पाकिटावर लाडीगोडी न करता "ऑफसेट, गम, चमक" एवढंच लिही म्हटलं. दुसरं ठेव, पण आजोबांची पेन्सिल खोडू नको, खाली स्वतःच्या पेन्सिलनं "१८६५-७६, हत्ती" लिही. पहिल्याला लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीचं सर्टिफिकेट काढायचं का, असं त्यानं विचारलं. वापरलेला, एका बाजूनं मार्जिन नसलेला अर्धा आणा काही फार महाग मिळत नाही, फी आणि टपालखर्च तिकिटाच्या किमतीवर जाईल. चार आण्याचं लाल-निळं, राणीचं डोकं उलटं छापलेलं असतं ना, तर मी त्याला हातही न लावता आधी सर्टिफिकेट काढ म्हटलं असतं.

तिसऱ्याचे पैसे अजून आलेले नाहीत, आज सहावा दिवस.