फ्रीलान्स हिशोबाचं काम ‘वर्क एक्सपिरियन्स’मधे एकाच नोंदीत लिहिलं, सात-आठ महिने अर्ज करतानाचा अनुभव

मी जळगावचा, २०१९ पासून तिघांचे हिशोब टॅलीत लिहितोय. एक दालमिल, सावद्याचे एक केळी व्यापारी आणि धरणगावचं एक खताचं दुकान. अपॉइंटमेंट लेटर कुणाचंच नाही, सॅलरी स्लिप नाही, पीएफ तर नाहीच. अकाउंट्स असिस्टंटच्या जागांसाठी अर्ज करताना मी सगळीकडे ही एकच पद्धत वापरली म्हणून ती कुठे चालली आणि कुठे अडली ते सविस्तर लिहितो, आपल्याकडे असं काम करणारी पोरं खूप आहेत.

तीन ग्राहक म्हणजे तीन कंपन्या असं लिहायचं नाही. तारखा एकमेकांवर चढतात, एकाच वेळी तीन नोकऱ्या दिसतात आणि समोरच्याला पहिली शंका तिथेच येते. सगळ्यांची मिळून एक नोंद करायची, फॉर्म इंग्रजीत असतो म्हणून जसं टाईप करतो तसंच देतो:

```
Employer: Self-employed, Jalgaon
Designation: Freelance Accountant
From: 06/2019   To: Present
```

ग्राहकांची नावं खाली कामाच्या वर्णनात येतात. आणि तिथे नुसतं ‘अकाउंटिंग केलं’ लिहून भागत नाही, प्रत्येकाकडे नक्की काय करत होतो ते लिहायचं. दालमिलचं मी असं लिहिलं की खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत चढवणं, दर महिन्याच्या ११ तारखेआधी जीएसटीआर-१ चा आणि २० तारखेआधी ३बी चा डेटा सीएकडे देणं, बँक जुळवणी. केळीवाल्यांकडे जीएसटीचा प्रश्नच नाही कारण ताज्या केळीला करमाफी आहे, तिथे वजन, तोडणीची मजुरी, गाडीभाडं आणि शेतकऱ्याचं पेमेंट असा प्रत्येक गाडीचा हिशोब. इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त प्रश्न मला यावरच आले, साहेबांनी सरळ विचारलं की गाडीमागे शेतकऱ्याची बाकी कशी लावता, आणि ते मला तोंडपाठच होतं.

पगाराचा रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही. माझे दालमिलचे पाच हजार, केळीवाल्यांचे चार आणि दुकानाचे तीन, महिन्याला बारा, म्हणून वर्षाचे १,४४,०००. तेवढेच लिहिले. फुगवून लिहायचा सल्ला देणारे भरपूर भेटतात पण नंतर बँक स्टेटमेंट मागतात आणि तिथे आकडा जुळावा लागतो. दुकानवाले रोख द्यायचे, त्याची बँकेत नोंद नाही, म्हणून त्यांच्या पत्रात दरमहा रक्कम आणि रोख दिल्याचं लिहून घेतलं.

आता खरी अडचण. एका कंपनीच्या व्हेरिफिकेशनवाल्यांनी दुकानात फोन लावला, की हा तुमच्याकडे नोकरीला होता का. मालक म्हणाले, नाही, नोकरीला नव्हता. बोलले ते खरंच, पण तिकडे ‘एम्प्लॉयमेंट नॉट कन्फर्म्ड’ अशी नोंद पडली आणि मला मेल आला. तेव्हापासून पत्रात एक वाक्य मी हमखास घालतो: ‘यांनी आमच्याकडे पगारी कर्मचारी म्हणून नव्हे, तर स्वतंत्रपणे, मासिक फी घेऊन हिशोबाचं काम केलं’, पुढे महिना-वर्ष, कामाचं स्वरूप, सही, शिक्का, आणि जीएसटी नंबर असेल तर तो. दालमिलच्या शेठजींना सांगितलं तर ते म्हणे, “तू लिखी आन, मी सही करी देसू.” बहुतेक जण असेच तयार असतात, मजकूर आपण घेऊन गेलं की काम पाच मिनिटात होतं. ज्यांचा नंबर रेफरन्समधे देतो त्यांना आधी फोन करून हेच शब्द सांगून ठेवा. ती मेलवाली केस पत्र आणि स्टेटमेंट पाठवल्यावर मिटली.

ओळखीच्या दुकानाचं खोटं नोकरीचं सर्टिफिकेट घेऊ नका. बँकेत पगार आलेला दिसत नाही, पीएफला नाव नाही, आणि जॉइन झाल्यावर जरी सापडलं तरी नोकरी जाते.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही हेही सांगतो. सरकारी भरतीत बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या नमुन्यात संस्थेचा अनुभव दाखला लागतो, तिथे जाहिरातीतली अट नीट वाचूनच फी भरा. काही पोर्टल तर रेझ्युमे अपलोड केला की ग्राहकांची नावं आपोआप वेगवेगळ्या कंपन्या म्हणून भरतात, सबमिट करण्याआधी ते खोडून एक नोंद करावी लागते, दरवेळी.

आता मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागलोय. जॉइनिंगला पीएफचा फॉर्म ११ येतो, त्यात आधी पीएफचे सभासद होता का असं विचारतात. आपण कधीच नव्हतो तर सरळ ‘नाही’वर खूण करायची, अनुभव सहा वर्षांचा लिहिलाय म्हणून तिथे घाबरायचं काही कारण नाही, नवीन यूएएन तिथून सुरू होतो.