पाच टक्के वेस्टेज कुणाच्या खिशात गेलं

माझा छोटा प्रेस आहे, एक मिनी ऑफसेट आणि दोन माणसं. कटिंग मशीन नाही, त्यामुळे कागद गल्लीतल्याच एकाकडून कापून आणायचो. दोन वर्षं त्यानं मला गंडवलं, आणि मला वाटत होतं की कागद माझ्याच मशीनवर वाया जातोय.

आमचं बहुतेक काम ए-फोर. त्यासाठी ६१ × ८६ सेंटिमीटरचा ७० जीएसएम मॅपलिथो हा छपाईचा कागद घेतो. एका शीटमधून ए-फोर ८ निघतात, म्हणजे ५०० शीटच्या रीममधून ४०००. कटिंगवाला दर रीममागे ३८०० द्यायचा. विचारलं की ठरलेलं उत्तर, "साहेब, पाच टक्के वेस्टेज सगळेच धरतात. कतरण बघा किती निघते." कतरण खरंच निघायची, पायाखाली ढीग दिसायचा. मी मान डोलवायचो.

घोळ इथेच होता. शीटच्या क्षेत्रफळातला जवळजवळ पाच टक्के भाग कडेच्या पट्ट्यांत जातो, हे खरं. पण तो धरूनच ८ नग बसतात. म्हणजे पट्ट्यांचं वेस्टेज वजनात जातं, नगात नाही. त्यानं तेच पाच टक्के पुन्हा नगांवर लावले, आणि कतरणीचे रद्दीचे पैसेही त्याच्याकडेच राहिले.

पकडलं गेलं ते एका क्लासच्या प्रवेश अर्जांमुळे. ३९०० अर्जांचं काम होतं, एक रीम दिली, १०० कागद मशीन सेट करायला धरले. छपाई संपली तेव्हा हातात धड ३७०० अर्जही नव्हते. मशीनवरच्या काकांवर मी चिडलो. ते म्हणाले, सेटिंगला शंभरच गेले. मला पटलं नाही. हे सांगताना आजही ओशाळायला होतं.

त्याच रविवारी पुढच्या कामाचा एक न उघडलेला गठ्ठा मोजायला बसलो. पाच-पाच कागद बोटानं सोडत दोनदा मोजला. दोन्ही वेळा ४७५. बाकीचे सात गठ्ठेही तेवढेच. २५ कागदांची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर, नुसत्या नजरेला कसली कळतेय.

तरी लगेच आरोप करता येत नव्हता. रीम अख्खी एका दाबाखाली कापतात, त्यामुळे एक मोठी शीट खराब निघाली तर आठही गठ्ठ्यांतून एकेक कागद कमी होतो. वरच्या-खालच्या दोन-चार शीट दुमडलेल्या, फाटलेल्या असतातच. २५ शीट खरंच खराब निघाल्या असतील, तर हिशेब जुळला असता. पण मग त्या शीट कुठे आहेत?

पुढची रीम दिली तेव्हा वेष्टन काढून शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं, १८.४ किलो. त्याला म्हटलं, या वेळी कतरण आणि खराब शीटही पोत्यात भरून दे, मला हव्यात. संध्याकाळी परत आणलं आणि सगळं त्याच काट्यावर ठेवलं. गठ्ठे १६.६ किलो, पोतं ०.९ किलो. पोत्यात फक्त पट्ट्या होत्या, अख्खी शीट एकही नाही. सुमारे ९०० ग्रॅम कागद नाहीसा झाला होता, म्हणजे साधारण २०० ए-फोर. पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्यामुळे नुसत्या गठ्ठ्याच्या वजनावर विसंबू नये. गेलेलं आणि आलेलं एकाच दिवशी, एकाच काट्यावर तोललं तर ती शंका बरीच मिटते.

त्याला विचारलं तर आधी हसला, मग पोराचं नाव पुढे केलं. वसुली काही झाली नाही. चलनावर मी 'रीम १०' एवढंच लिहायचो, नग कुठेच नव्हते, मग भांडणार कशाच्या जोरावर? महिन्याला दहा रीम धरल्या तर सव्वानऊ किलो, तेव्हाच्या ९० रुपये किलोच्या भावानं आठशेच्या वर. दोन वर्षांचे वीसेक हजार गेले.

आता दुसरीकडे कापून घेतो. चलनावर लिहितो: शीट ५००, नग ८, अपेक्षित ४०००, खराब शीट परत, कतरण परत. परत आलं की एक गठ्ठा उचलून मोजतो, कुठला ते आधी सांगत नाही. कामाच्या वहीतही कटिंगची तूट आणि मशीनची तूट असे दोन वेगळे रकाने पाडलेत, नाहीतर एकाचं पाप दुसऱ्याच्या नावावर जातं.

काकांची माफी मागितली. ते गठ्ठा फीडरवर लावत होते. न वळताच म्हणाले, "मला हाताला हलका लागायचा, पण तुम्ही मालक, तुम्ही मोजलेलाच असणार म्हटलं."