कॅशग्राइंड सात महिने वापरल्यावर: साडेपाच मिनिटांचं काम अठ्ठावीस सेकंदांवर कसं आलं

आमचा छोटा गट पाणलोटाचे नकाशे करतो. उपग्रहावरून मोजलेल्या उंचीचे तुकडे जोडून आम्ही एक मोठी जाळी बनवली आहे. ती 8192 ओळी आणि 8192 स्तंभांची असून जालना, बीड, परभणी आणि लातूर ही शहरं तिच्यात येतात. दुधना आणि मांजरा नद्यांकडे पाणी कुठून कसं उतरतं ते काढायच्या आधी जाळीतले खोटे खड्डे बुजवावे लागतात. त्यासाठी प्रत्येक चौकटीची आठ शेजाऱ्यांशी तुलना करत सगळ्या जाळीवरून सुमारे 200 फेऱ्या मारायच्या. या कामाला साडेपाच मिनिटं लागायची. आकडा बदलून पुन्हा चालवायचं म्हटलं की पुन्हा तेवढंच थांबणं.

प्रोग्रॅम मुळात आमच्या सरांनी फोरट्रानमध्ये लिहिलेला आणि तिथे तो चांगला पळत होता. मी तो ओळीला ओळ ठेवून सी मध्ये आणला. उत्तरं तंतोतंत जुळली, म्हणून लूपकडे मी पुन्हा वळून पाहिलं नाही. तो हळू का झाला हे शोधण्यासाठी व्हॅलग्राइंडमधलं कॅशग्राइंड लावलं. कॅश म्हणजे प्रोसेसरजवळचा छोटा, वेगवान साठा; प्रोग्रॅम तो कसा वापरतो ते हे साधन दाखवतं. त्याच्याबद्दलचा माझा सात महिन्यांचा अनुभव इथे लिहिते आहे.

आधी एक सूचना. नव्या आवृत्त्यांत कॅशची मोजणी आपोआप होत नाही, ती मागावी लागते. पहिल्या दिवशी मला फक्त प्रोसेसरने चालवलेल्या सूचनांची संख्या दिसत होती आणि बाकीचे रकाने कुठे गेले ते कळत नव्हतं.

```
valgrind --tool=cachegrind --cache-sim=yes ./jali
```

समजायला सोपं जावं म्हणून मी सरासरी उंची काढणारी एकच फेरी वेगळी काढली. फोरट्रानमधून आलेला क्रम असा होता:

```c
for (j = 0; j < N; j++)
    for (i = 0; i < N; i++)
        s += h[i][j];
```

`N` म्हणजे 8192 आणि `h` मधला प्रत्येक आकडा 4 बाइटचा. एकूण वाचनं 6.71 कोटी. कॅशग्राइंडने `D1mr` या रकान्यात, म्हणजे पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये न सापडलेल्या वाचनांत, जवळजवळ तेवढाच 6.71 कोटी आकडा दाखवला. एकही वाचन जवळच्या साठ्यातून भागलं नव्हतं. दोन `for` ओळींची अदलाबदल केली, बाकी अक्षरही बदललं नाही, आणि तोच आकडा 42 लाखांवर आला. बरोब्बर सोळावा हिस्सा.

हा सोळा कुठून आला ते समजलं तेव्हा सगळं उलगडलं. प्रोसेसर मेमरीतून एकेक आकडा आणत नाही, तो 64 बाइटची अख्खी पट्टी आणतो. 4 बाइटचे सोळा आकडे म्हणजे एक पट्टी. सी मध्ये एका ओळीतले आकडे मेमरीत एकाला लागून एक असतात. ओळीने चाललं की पहिल्या आकड्यासाठी वाट पाहावी लागते आणि पुढचे पंधरा हाताशीच असतात. स्तंभाने चाललं की पुढचा आकडा 32,768 बाइट लांब. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्याला हे लगेच समजेल: टँकर दारात आला, त्यातून एक घागर भरून घेतली आणि टँकर परत पाठवला. पुढच्या घागरीसाठी पुन्हा नवा टँकर. फोरट्रान मात्र स्तंभातले आकडे लागून ठेवतं, त्यामुळे सरांचा क्रम तिथे अगदी योग्य होता. चूक माझ्या भाषांतरात झाली होती. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "अहो, नांगर तोच आहे, रान आडवं झालंय तुमचं."

मग एक शंका आली. 8192 ओळींच्या पट्ट्या मिळून 512 केबीच होतात आणि माझ्या मशीनचा शेवटच्या पातळीचा कॅश 8 एमबीचा आहे. स्तंभाने चाललं तरी पुढच्या स्तंभाच्या वेळी त्याच पट्ट्या निदान तिथे तरी सापडायला हव्यात. पण तिथेही न सापडलेली वाचनं मोजणारा `DLmr` रकानाही 6.71 कोटीच दाखवत होता.

कारण 8192 या आकड्यातच आहे. पट्टी कॅशमध्ये कुठेही बसत नाही, तिच्या पत्त्यावरून तिचा कप्पा ठरतो. दोन आकड्यांमधलं अंतर दोनाचा मोठा घात असलं की सगळ्या पट्ट्या मोजक्या कप्प्यांवर येऊन आदळतात. 8 एमबीच्या कॅशमध्ये 8192 कप्पे आणि प्रत्येकात 16 जागा. आमच्या स्तंभाच्या वाट्याला त्यातले फक्त 16 कप्पे येत होते, म्हणजे जेमतेम 256 पट्ट्या मावणार. बाकीचा कॅश रिकामा आणि इथे ढकलाढकली. मी प्रत्येक ओळीच्या शेवटी सोळा फालतू आकडे जोडून रुंदी 8208 केली. स्तंभाचाच क्रम ठेवूनही `DLmr` 42 लाखांच्या आसपास उतरला. `D1mr` हलला नाही, कारण 32 केबीच्या पहिल्या कॅशमध्ये 512 केबी मावणं शक्यच नाही.

इथेच या साधनाची मर्यादाही सांगायला हवी. कॅशग्राइंड खरा कॅश मोजत नाही, त्याची नक्कल चालवतं. खऱ्या प्रोसेसरमध्ये शेवटच्या पातळीचे कप्पे जास्त गुंतागुंतीने ठरतात, आणि ओळीने चालताना पुढच्या पट्ट्या न मागता आधीच आणल्या जातात. हे नकलेत नाही, म्हणून सोळापट आकडा पाहून सोळापट वेग गृहीत धरू नका. खड्डे बुजवण्याच्या फेऱ्यांना लूप बदलल्यावर साडेपाच मिनिटांऐवजी 28 सेकंद लागले, म्हणजे साधारण बारापट फरक. दुसरं म्हणजे पानांच्या पत्त्यांचा हिशेब यात नाही. स्तंभाने जाताना प्रत्येक पाऊल 4 केबीच्या नव्या पानावर पडतं आणि पत्ता शोधण्यातही वेळ जातो. तो पाहायला मी `perf stat -e dTLB-load-misses` चालवते.

कॅशग्राइंडखाली प्रोग्रॅम खूपच संथ होतो. म्हणून मी 200 ऐवजी एकच फेरी चालवते, पण जाळी लहान करत नाही. 512 बाय 512 च्या जाळीवर सगळं 1 एमबीत मावलं आणि `DLmr` दोन्ही क्रमांना सारखाच आला. त्या दिवशी मी जवळजवळ चुकीचा निष्कर्ष काढला होता.

`-O3` दिलं की कंपायलर स्वतःच लूप फिरवेल अशी माझी समजूत होती. जीसीसीला ती युक्ती येते, पण या बेरजेत त्याने ती वापरली नाही. अपूर्णांक मिळवण्याचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात, आणि परवानगी दिल्याशिवाय तो ते करत नाही.

एका फंक्शनमध्ये तर मलाही लूप फिरवता आला नाही. तिथे प्रत्येक चौकट त्याच फेरीत आधी भरलेल्या `h[i+1][j-1]` वर अवलंबून आहे, म्हणजे डावीकडच्या स्तंभातल्या, पण एक ओळ खालच्या चौकटीवर. स्तंभाने चाललं तर ती तयार असते, ओळीने चाललं तर तिची पाळीच आलेली नसते. मी घाईत अदलाबदल केली, वेळ छान उतरला आणि नकाशावर दुधनेचा एक ओढा उलटा वाहताना दिसला. ते फंक्शन आजही स्तंभानेच चालतं, फक्त 8208 च्या रुंदीवर.