‘केव्हाही सोडा’वाल्या गाडीचं शेवटचं बिल

महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर गाडी घेताना मला एकच गोष्ट हवी होती: नोकरीचं ठिकाण बदललं तर गाडी परत करून मोकळं होता आलं पाहिजे. तीन वर्षांचा लीज मी त्याच कारणाने नाकारला होता. कंपनीच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘लॉक-इन नाही, केव्हाही सोडा’ असं लिहिलेलं होतं. विक्री प्रतिनिधी फोनवर तेच बोलला आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळतं असंही वर सांगितलं. नवव्या महिन्याच्या शेवटी गाडी परत केली. डिपॉझिट तर गेलंच, उलट मलाच बिल आलं. ते बिल कसं तयार झालं हे सविस्तर लिहितो आहे, कारण यातली मेख फीमध्ये नसते, गाडी सोडण्याच्या हिशोबात असते.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी भरत होतो ती महिन्याची फी 100 मानू. याच मॉडेलच्या तीन वर्षांच्या लीजचा हप्ता साधारण 70 होता. हप्ता कमी दिसतो, पण मला मिळालेल्या त्या लीजमध्ये विमा, सर्व्हिसिंग आणि टायर माझ्याकडे होते. ते धरले की महिन्याचा खर्च 90 च्या आसपास जायचा. काही लीजमध्ये देखभाल आत असते, तेव्हा तुलना करताना हे आधी विचारून घ्यावं. सबस्क्रिप्शनच्या 100 मध्ये नोंदणी, कर, विमा, ठरलेली सर्व्हिसिंग आणि रस्त्यात गाडी बंद पडल्यास मदत, हे सगळं होतं. म्हणजे 10 जास्त देऊन मी सुटण्याची मोकळीक विकत घेतोय, असा हिशोब होता. कागदावर तो बरोबर होता.

फीमध्ये जे आहे असं सांगतात, त्यातल्या विम्याबद्दल थोडं. पॉलिसी कंपनीच्या नावावर असते. त्यामुळे वर्षभर एकही क्लेम झाला नाही तरी त्याची सूट तुमच्या खात्यावर साठत नाही. शिवाय प्रत्येक नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा तुम्ही भरायचा असतो. माझ्या करारात तो निम्म्या महिन्याच्या फीइतका होता. बंपरवर ओरखडा आला, त्याचं काम या रकमेच्या आतच बसलं, म्हणजे विमा ‘समाविष्ट’ असून पूर्ण खर्च माझा. याला मी फसवणूक म्हणत नाही. ते करारात स्पष्ट लिहिलेलं होतं.

फसवणूक पुढे आहे.

सबस्क्रिप्शनची फी एकच नसते. जितक्या जास्त महिन्यांसाठी घ्याल तितका दर कमी. इथे 24 महिन्यांचा दर 100 होता, 12 चा 110 आणि 6 चा 125. बुकिंगच्या पानावर 24 महिने आधीच निवडलेले असतात, म्हणून पहिल्यांदा दिसणारा आकडा सगळ्यात स्वस्त असतो. मी विचारलं होतं, 24 निवडून मध्येच सोडलं तर? उत्तर आलं, ‘काही अडचण नाही सर, 30 दिवसांची नोटीस द्यायची, बस.’ मला सही करायला पाठवलेल्या करारातही नोटिशीचंच कलम होतं. त्यात ‘लागू दरपत्रकानुसार समायोजन’ एवढे तीन शब्द होते. ते दरपत्रक कराराला जोडलेलं नव्हतं. मी मागितलं, तेव्हा फक्त माझ्या मॉडेलच्या फीचं पान आलं.

समायोजन म्हणजे काय ते गाडी परत केल्यावर कळलं. मध्येच सोडलंत की तुम्ही पूर्ण केलेला सगळ्यात मोठा टप्पा बघतात आणि त्या टप्प्याचा दर पहिल्या महिन्यापासून लावतात. मी नऊ महिने गाडी वापरली. बारा पूर्ण झाले नाहीत, म्हणून मला सहाचा दर. महिन्याला 25 चा फरक, गुणिले नऊ, म्हणजे 225. डिपॉझिट दोन महिन्यांच्या फीचं, 200. ते इथेच संपलं आणि 25 देणं राहिलं.

खरं तर मला आठच महिने लागत होते. नोटीस मी आठव्या महिन्याच्या तीन तारखेला दिली होती. पण 30 दिवस त्या दिवसापासून मोजत नाहीत, पुढच्या बिलाच्या तारखेपासून मोजतात. बिल एक तारखेला निघतं. दोन दिवसांच्या फरकाने संपूर्ण नववा महिना पदरात पडला, आणि वर सांगितलेला 25 चा फरक त्या महिन्यालाही लागला.

त्यावर किलोमीटर. मर्यादा महिन्याला 1,200. नऊ महिन्यांची मिळून 10,800 होते आणि गाडी धावली 9,400 च्या आत. तरी जादा किलोमीटरचे पैसे लागले, कारण एका महिन्यात 1,750 झाले होते आणि दुसऱ्या एका महिन्यात 1,600. उरलेले किलोमीटर पुढे नेता येत नाहीत. लीजमध्ये बहुधा संपूर्ण मुदतीची मर्यादा एकत्र असते आणि हिशोब शेवटी एकदाच होतो, त्यामुळे एखादा लांबचा प्रवास इतर महिन्यांत जिरून जातो. माझी ही रक्कम फार नव्हती, फीच्या पाचव्या हिश्शाएवढी.

आणि मग बिलात शेवटची ओळ: ‘मुदतपूर्व समाप्ती शुल्क’, एक महिन्याची फी, 100.

इथे मी अडून बसलो. दराचा फरक का घेता, तर तुम्ही लवकर सोडलंत म्हणून. समाप्ती शुल्क का, तर तेही लवकर सोडलंत म्हणून. एकाच कारणाचे पैसे दोनदा. दराच्या फरकामागे निदान काहीतरी तर्क आहे. नवी गाडी पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त किंमत गमावते, कंपनी तो तोटा चोवीस महिन्यांवर पसरून दर लावते, आणि गाडी लवकर परत आली की पसरलेला हिस्सा वसूल करते. मान्य. पण मग तो वसूल झाल्यावर वेगळं शुल्क कशाचं? ते पैसे त्यांनी मला न विचारता खात्यातून ऑटो-डेबिटने काढूनही घेतले. करार संपला तरी परवानगी चालूच होती.

बिल घेऊन बसल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी मला कुणीही सांगितली नव्हती. या टप्प्यांच्या पद्धतीत काही महिने असे असतात की त्यात गाडी सोडणं हे ती ठेवण्यापेक्षा महाग पडतं. समाप्ती शुल्क बाजूला ठेवा. अकराव्या महिन्याच्या शेवटी सोडलं तर अकरा गुणिले 125, म्हणजे 1,375. बाराव्याच्या शेवटी सोडलं तर बारा गुणिले 110, म्हणजे 1,320. एक महिना जास्त गाडी वापरून 55 कमी. शुल्क धरलं आणि बारा पूर्ण झाल्यावर ते लागत नाही असं मानलं, तर दहावा महिनाही तसाच: 1,250 अधिक 100, म्हणजे 1,350. बावीस आणि तेविसाव्या महिन्याचीही हीच गत, कारण बावीस गुणिले 110 म्हणजे 2,420 आणि पूर्ण चोवीस महिने 2,400 मध्ये होतात. ज्याला दहाव्या महिन्यात गाडी सोडायची आहे त्याने ती दोन महिने नुसती उभी ठेवली तरी तो फायद्यात. हे समजायला दरपत्रक हातात असावं लागतं, आणि तेच देत नाहीत.

लीज यापेक्षा बरा का? सोडण्याच्या बाबतीत, सुरुवातीच्या काळात नाही. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी नाकारलेल्या लीजमध्ये मध्येच सोडल्यास उरलेल्या हप्त्यांचे निम्मे भरावे लागत होते. नऊ महिन्यांनंतर 27 हप्ते उरतात, 27 गुणिले 70 चे निम्मे म्हणजे 945. माझ्या सगळ्या भुर्दंडाच्या दुपटीहून जास्त. काही लीजमध्ये निराळी रीत असते: गाडीवरची बाकी आणि गाडी विकून आलेली रक्कम यातला फरक तुम्ही भरायचा. पण लीजचा तक्ता पहिल्या दिवशी हातात होता, आणि त्यातली रक्कम दर महिन्याला थोडी उतरत जाते. तिसाव्या महिन्यात ती 210 असते. त्यात मध्येच वर उडी मारणारा महिना नाही. शिवाय काही लीज कंपन्या उरलेली मुदत दुसऱ्याच्या नावावर करू देतात. मला सबस्क्रिप्शनमध्ये तो मार्ग नव्हता.

म्हणून ज्याला वर्षाच्या आत गाडी सोडावी लागण्याची शक्यता आहे त्याला मी आजही सबस्क्रिप्शनच सांगेन, फक्त 24 चा दर बघून नाही. सहा महिन्यांचा दर हाच आपला खरा दर धरायचा. 125 ची तुलना लीजच्या 90 शी करायची, 100 ची नाही. आणि सही करण्याआधी कंपनीला ईमेलवर एवढंच विचारायचं: ‘आज करार केला आणि पाचव्या, नवव्या व अकराव्या महिन्यात गाडी परत केली, तर प्रत्येक वेळी माझं शेवटचं बिल किती आणि डिपॉझिटमधून परत किती?’ उत्तर आकड्यांत हवं. ‘अटींनुसार’ असं उत्तर आलं की समजून जा. गाडी बदलून घेण्याची सोय असेल तर बदलल्यावर महिने शून्यापासून मोजतात का, हेही त्याच पत्रात विचारा, कारण तसं असेल तर जुन्या गाडीचे महिने टप्प्यात धरले जात नाहीत.

माझ्या प्रकरणाचं पुढे असं झालं. ‘केव्हाही सोडा’ हे पान मी बुकिंगच्या दिवशीच जपून ठेवलं होतं, चॅटवरचं ‘नोटीस द्यायची, बस’ हे वाक्यही होतं. दोन्ही जोडून तक्रार केली आणि बँकेकडे डेबिटवर हरकत घेतली. ग्राहक सेवेने आधी तेच कलम तीनदा पाठवलं. बँकेचं पत्र गेल्यावर समाप्ती शुल्काचे 100 परत आले, कारण ‘सदिच्छा म्हणून’. दराचा फरक आणि नववा महिना त्यांनी सोडला नाही. ते दरपत्रक मात्र त्या उत्तरासोबत आलं, दोन पानांचं, करारापेक्षा जुन्या तारखेचं.